चव्वेचाळीस बरोबर आले, तिथंच घात झाला

ताई नमस्कार. मी कराडकडच्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, अधूनमधून कथा लिहिते. आता जी लिहितेय त्यात पन्हाळा-जोतिबाच्या सहलीहून रात्री परत आल्यावर शाळेच्या मैदानात बाई पोरं मोजतात आणि दर वेळी आकडा वेगळाच येतो. 43, मग 45, मग 42. चार पानं झाली आणि पुढं सरकतच नाहीये. मैत्रीण म्हणाली भुताची गोष्ट आहे का, मिस्टर म्हणाले बाईंना मोजता येत नाही का. मला दोन्ही नकोय. चार पानं सोबत पाठवतेय. शेवट काय करू?
– एक शिक्षिका

बाई, तुमची पानं दोनदा वाचली. बसच्या दारातून उतरणारी पोरं, केसात गुलाल, हातात चेपलेला खाऊचा डबा, एका पायात बूट आणि दुसरा काखेत, हे तुम्ही फार नीट पकडलंय, कारण ते तुमचं रोजचं आहे. गाडी अडलीय ती शेवटापाशी नाही, तुम्ही उगाच शेवट शोधत बसलाय. ती अडलीय पहिल्याच पानावर, कारण मला वाटतं बसमध्ये खरी पोरं किती होती हे तुमचं तुम्हालाच अजून ठरलेलं नाहीये. तुम्ही लिहिलंय "चाळीसेक पोरं". बाईंना आकडा चुकला तर चालेल, वाचणाऱ्याला तर चुकायलाच हवा, पण लिहिणारीला एकेक डोकं माहीत पाहिजे. ते माहीत नसलं की 43, 45, 42 हे नुसते हवेत सोडलेले आकडे होतात, आणि ज्या आकड्याला कारण नाही तो वाचताना माणूस एक तर भूत म्हणतो नाही तर बाईंची चूक म्हणतो. म्हणजे मैत्रीण आणि मिस्टर दोघंही एकाच गोष्टीवर बोट ठेवतायत.

तर आधी कथा बाजूला ठेवा आणि एक वेगळा कागद घ्या, कथेत न जाणारा. मी तुमच्याच मालमसाल्यावर हिशोब मांडून बघितला, तो इथं लिहिते, आवडला तर घ्या, नाही तर तुमचा मांडा, पण मांडा.

सहलीचे पैसे भरले 46 जणांनी. पावत्या 46, पालकांची संमतीपत्रं 46. सकाळी सहाला दोघं आलीच नाहीत, एकाला ताप आणि एकीच्या घरी कुणीतरी वारलं. बाईंनी यादीतली ती दोन नावं पेनाने खोडली, उरले 44, आणि हा आकडा त्या दिवसभर डोक्यात घेऊन हिंडतायत. आता यात एक भर घाला. सोबत आलेल्या सरांनी आपली मुलगी आणलीय, बालवाडीतली, पाच वर्षांची, घरी सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून. असं होतंच ना, प्रत्येक सहलीत एखादं तरी असं पिल्लू असतं. ती कुठल्याच यादीत नाही. म्हणजे बसमध्ये डोकी 45 आणि बाईंच्या मनात 44. तुमच्या सगळ्या कथेचा खिळा इथं आहे आणि तो सकाळी सहा वाजताच ठोकून झालाय, कुणालाच कळलेलं नाही.

पोरं मोजण्यात चूक कशी होते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल पण कागदावर आणताना आपण ते विसरतो म्हणून सांगते. मोजणं म्हणजे एकेका पोरावर एकेक आकडा ठेवत जायचा, एकदाच, आणि कुणाचं झालं कुणाचं राहिलं हे लक्षात ठेवायचं. पेरू मोजताना हे जमतं कारण मोजलेला पेरू आपण उचलून दुसऱ्या टोपलीत टाकतो. पोरांना दुसरी टोपली नसते. म्हणून आपण त्यांना दारातून काढतो नाही तर ओळीत उभं करतो, दार म्हणजे टोपली आणि ओळ म्हणजे पण टोपलीच. आणि चुका बरोब्बर तिथंच होतात जिथं टोपली फाटलेली असते. दारातून दोघं एकदम आली. ओळीत मधेच कुणीतरी घुसलं. गोल करून बसवलं आणि सुरुवात कुणापासून केली ते विसरलं, मग पहिलं पोरगं दोनदा मोजलं जातं किंवा राहूनच जातं. सत्तावीसवर असताना "बाई माझी बाटली राहिली" आणि परत येईस्तोवर सत्तावीस म्हणून झालं होतं की म्हणायचं होतं ते आठवत नाही. ह्या चुका खऱ्या आहेत आणि लहान आहेत, एकदोनच्याच. कथेत आकडा पाच-दहाने हलला तर कुणाचा विश्वास बसणार नाही, एक-दोन-तीननेच हलू दे, त्याचीच धास्ती जास्त वाटते.

एक माझंही सांगते. मी नोकरीत असताना आमच्या शाळेची सहल एका धरणावर गेली होती, 38 पोरं. निघायच्या वेळी मोजली तर 37. परत मोजली, 37. पाण्याकडं बघवेना. घसा असा कोरडा पडला की आकडा तोंडातून नीट बाहेर येईना, आणि कानात माझाच श्वास ऐकू यायला लागला. तिसऱ्यांदा मोजायला लागले तेव्हा डावा हात उचलला, समोर बोट करायला, तर तो हात जडच लागला, कारण त्या हाताला एक मुलगी होती. दुपारी पडली होती म्हणून मी तिचा हात धरला तो सोडलाच नव्हता. काखेत कळसा म्हणतात तसं झालं, पण तेव्हा हसू नाही आलं, मी तिथंच खाली बसले. सांगायचं एवढंच की मोजणारीला सगळ्यात जवळचं पोर दिसत नाही. तुमच्या कथेत हा अनुभव मी दिलाय तसा वापरू नका, पण बाईंचं शरीर कुठंतरी येऊ दे. आत्ता तुमच्या पानांवर नुसतं "बाई घाबरल्या" आहे. कुठं घाबरल्या, घशात की गुडघ्यात, ते लिहा.

आता हा माझा अनुभव वाचून तुम्हाला लगेच ती दहा जणांची गोष्ट आठवेल. नदी ओलांडून दहा जण पलीकडं जातात, प्रत्येक जण मोजतो आणि नऊच भरतात कारण मोजणारा स्वतःला मोजत नाही, सगळे रडायला लागतात, मग वाटेवरचा कुणीतरी येऊन सांगतो अरे दहावा तूच. वेदान्तात दशमस्त्वमसि म्हणून हीच सांगतात. बऱ्याच वाचकांच्या डोक्यात ती आधीपासून बसलेली आहे आणि तुमच्या तिसऱ्या पानापर्यंत आल्यावर ते तेच धरून चालतील की बाईंनी स्वतःलाच धरलंय किंवा धरलं नाहीये. तो शेवट करू नका. त्या गोष्टीत कुणी हरवलेलंच नसतं, तिथं नुसता समज चुकलेला असतो. तुमच्या कथेत मात्र एक पोर खरंच कमी पाहिजे, असं मला फार वाटतं. नाही तर चार पानं वाचणाऱ्याचा जीव टांगून ठेवायचा आणि शेवटी काही नव्हतंच हो म्हणायचं, हे बरोबर नाही, त्या बाईंवर पण अन्याय आहे.

कमी कोण आणि का, ते बघू. सोहम म्हणून तिसरीतला एक मुलगा घ्या. त्याला गाडी लागते. पन्हाळ्याला चढताना त्याने दोनदा उलटी केली, पुढच्या खिडकीशी बसवला होता, सगळ्यांची तारांबळ उडाली. म्हणून जोतिबाहून परतीला निघताना बाईंनी स्वतः त्याला उलटीची गोळी दिली, पर्समधली. या गोळीने बऱ्याच पोरांना झोप येते हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. बाई म्हणाल्या जा मागं लांब बाकड्यावर आडवा हो. तो गेला, बाकड्यावरून बॅगांवर घसरला, बॅगांवरून खाली फटीत, आणि गार वाटू नये म्हणून कुणीतरी त्याच्या अंगावर शाल टाकली. जी गोष्ट काळजीपोटी केली तिच्यामुळंच तो दिसेनासा झाला. हे मुद्दाम असं ठेवलंय मी, कारण निष्काळजी बाईंची कथा लिहायला सोपी आहे आणि खोटी आहे. पोरं विसरतात त्या बाई बहुतेक वेळा दिवसभर पोरांच्याच मागं पळून दमलेल्या असतात.

रात्रीचे पावणेदहा, मैदान. खरी परिस्थिती अशी: गाडीतून 44 खाली उतरली, त्यात यादीतली 43 आणि सरांची मुलगी. सोहम गाडीत. हे तुमच्या कागदावर लिहून ठेवा आणि आता एकेक मोजणी बघा.

पहिली मोजणी दारात. बाई पायरीशी उभ्या, उतरणाऱ्याच्या डोक्याला हात लावतायत. दोघी जणी मधे एक मोठी पिशवी धरून एकदम उतरल्या, हात एकीच्याच डोक्याला लागला. 43. बाईंना वाटलं ठीक, एक हुकला असेल, ओळीत घेऊ.

दुसरी ओळीत, जोड्या-जोड्यांनी. तोपर्यंत पालक आलेत, कुणाच्या हातात टॉर्च, कुणी गाडीचा दिवा मैदानाकडं करून ठेवलाय. एकीचा धाकटा भाऊ आईचा हात सोडून धावत बहिणीला बिलगला आणि ओळीतच उभा राहिला. 45. बाईंना इथं जरा बरंच वाटतं, जास्त आली म्हणजे कमी तर नाहीत, हा एक सेकंदाचा दिलासा नक्की लिहा, फार खरा आहे तो.

तिसरी मोजताना मागच्या मागं तीन पोरं गेली. एकाच गल्लीतली, शेजाऱ्याच्या जीपमधून. त्यांच्यातला एक जण "येतो बाई" असं म्हणाला होता पण ते बाईंच्या पाठीला म्हणाला. 42. आणि इथं पोटात खड्डा.

तुमच्या चार पानांत हे तिन्ही आकडे आलेच आहेत, कारणं फक्त नव्हती. तुम्ही इथं थांबलात, आणि मला तर वाटतं की कथा इथून पुढं सुरू होते, चौथ्या मोजणीला. चौथी मोजणी बाई पोरांची करतच नाहीत, आकड्यांची करतात. एक पालक सांगतो अहो बाई ती तीन पोरं जीपमधनं गेली की. बेचाळीस आणि तीन, पंचेचाळीस. मग टॉर्चच्या उजेडात तो धाकटा भाऊ दिसतो, त्याच्या पायात घरातली चप्पल आहे आणि तोंडावर गुलाल नाही. बाई त्याला हाताला धरून ओळीबाहेर काढतात. पंचेचाळीसातून एक गेला, चव्वेचाळीस. यादीत चव्वेचाळीस. जमलं. प्रत्येक चुकीचं कारण सापडलं, सगळ्यांनी हुश्श केलं, ड्रायव्हरकाका मघापासून इंजिन चालू ठेवून बसलेत त्यांना बाई हात करून सांगतात, जाऊ द्या गाडी.

आणि गाडी जाते. सोहमला घेऊन.

तुमच्या लक्षात आलं का बाई, चुकीच्या तीन आकड्यांनी काहीच बिघडवलेलं नाही. 43 ने, 45 ने, 42 ने बाईंना मैदानात धरून ठेवलं होतं, जोवर आकडा चुकत होता तोवर गाडी तिथंच उभी होती. घात केला तो बरोबर आलेल्या आकड्याने, कारण त्या 44 मध्ये सरांची मुलगी आहे, जी सकाळच्या 44 मध्ये कधीच नव्हती. एक कमी, एक जास्त, बेरीज तीच. आकडा किती ते सांगतो, कोण ते सांगत नाही. हे वाक्य कथेत कुठंही लिहू नका, बाईंच्या तोंडी तर अजिबात नको, पण तुमचा प्रत्येक प्रसंग हे धरून असला पाहिजे.

आता वाचणाऱ्याला फसवल्यासारखं वाटू नये म्हणून सरांची मुलगी त्याला आधीच दिसली पाहिजे, चांगली उजेडात, किमान दोनदा. सकाळी ती ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या बोनेटवर बसायचा हट्ट करते आणि बाईच तिला उचलून मांडीवर घेतात. पन्हाळ्यावर अंधारबाव बघताना ती पायऱ्या उतरायला घाबरते, सर तिला कडेवर घेऊन वरच थांबतात, आणि बाई खाली गेलेल्या पोरांना वर येताना मोजतात, ती बरोबर 44 भरतात. हे फार उपयोगाचं आहे बरं का, कारण इथं मोजणी खरोखर बरोबर आहे, मुलगी वर कडेवर आहे म्हणून आकड्यात आलेली नाही, आणि वाचणाऱ्याच्या मनात बसतं की बाईंना मोजता येतं. मिस्टरांच्या प्रश्नाचं उत्तर तिथं परस्पर मिळून जातं. ती बाव तीन मजली आहे, खाली अंधार आणि वर उजेडाचा चौकोन, पोरं एकेक करत उजेडात येतात आणि बाईंचा हात डोक्यावर पडतो. सगळी मोजणी शब्दात लिहायची असेल तर ती इथं लिहा, सावकाश, दोनचार आकडे अख्खे उच्चारून. मैदानातल्या मोजण्या मात्र भराभर संपू देत, तिथं बाईंना वेळच नाहीये.

जोतिबाचा गुलाल तुम्ही रंग म्हणून आणलाय, कथेला सुंदर दिसतो म्हणून. त्याला कामाला लावा. जोतिबाला गेलेली सगळी पोरं गुलाबी होऊन येतात, कपाळ, केस, भुवया, कानाच्या पाळ्या, आणि गणवेश तर एकच. टॉर्चच्या उजेडात 44 गुलाबी तोंडं सारखीच दिसतात. एरवी बाई पोरं मोजतच नाहीत, ओळखतात. वर्गात शिरल्या शिरल्या कोण नाही ते त्यांना न मोजता कळतं, तुम्हालाही कळत असणार, रिकामी जागा आधी दिसते. त्या रात्री गुलालाने आणि अंधाराने बाईंचं ते ओळखणं काढून घेतलंय आणि हातात फक्त आकडे ठेवलेत. धाकटा भाऊ सापडतो तोही गुलाल नाही म्हणूनच. आणि सरांच्या मुलीला मात्र गुलाल आहे, तीही जोतिबाला होतीच ना, ती त्यांच्यातलीच एक दिसते. एका गुलालात तीन कामं झाली.

अजून एक मला सुचलं, ते तुम्हाला पटतंय का बघा. सहलीला आपण जोड्या लावतो, आपल्या जोडीदाराचा हात सोडायचा नाही म्हणून. सोहमचाही जोडीदार असणार. आदित्य म्हणू. ओळ लावली तेव्हा आदित्य एकटा, सरांची मुलगी एकटी, कुणीतरी मोठ्या मुलीने दोघांचे हात एकमेकांच्या हातात दिले आणि जोडी पूर्ण केली. सगळ्या मैदानात एकट्या आदित्यला माहीत आहे की आपल्या हातात आहे तो हात आपल्या जोडीदाराचा नाही. त्याने एकदा "बाई" म्हटलंय सुद्धा. पण बाई तेव्हा एकतीसवर होत्या आणि त्यांनी न बघताच बोट ओठावर ठेवलं. तो गप्प बसला. त्याचा हात लहान मुलीच्या हातात, चिकट, पेढ्याने. हा प्रसंग चार ओळींच्या वर नेऊ नका आणि त्याच्यावर परत बोलू नका. वाचणारा तो विसरेल आणि नंतर एकदम आठवेल, तेव्हा काळजात जे होईल ते तुमच्या कुठल्याही वर्णनाने होणार नाही.

मोजताना आकड्यांचा आवाज कसा येतो तेही बघा, म्हणजे कथा तुमच्या आत्ताच्या शाळेतली वाटेल. 2019 साली दुसरीच्या गणितात वीस एक, वीस दोन असं वाचन आलं तेव्हा किती वाद झाला होता आठवतंय ना, तुम्ही तर वर्गात उभ्या होता. एखादं मदतनीस पोर बाईंच्या मागून चाळीस एक, चाळीस दोन म्हणत मोजतंय आणि बाई एक्केचाळीस, बेचाळीस म्हणतायत, दोन्ही एकच आहे पण एकमेकांच्या पायात येतंय. एका ओळीत येऊ दे, वर्गातली माणसं लगेच ओळखतील.

यादी वाचून नावं का घेतली नाहीत असं कुणीतरी विचारणारच, विशेषतः आपल्या शिक्षिका वाचक. त्याचं उत्तर कथेत असलं पाहिजे. घडी घातलेली यादी पर्समध्येच आहे, त्याच कप्प्यात जिथून गोळी काढली. बाईंनी ती काढलीही असेल दुसऱ्या मोजणीनंतर, पण तेवढ्यात एका पोराला रडू फुटलं, एक बाप म्हणाला बाई सोडा की आता पोरं पेंगायला लागलीत, आणि 44 नावं वाचायची, प्रत्येकाच्या तोंडावर टॉर्च मारून बघायचं, कारण नुसत्या हजर वर विश्वास नाही, एकाच्या नावाला दुसराच ओ देतो, यात दहा मिनिटं गेली असती. त्यांनी यादी परत ठेवली. इथं बाईंना दोष देऊ नका आणि सोडवूही नका, फक्त पर्सची चेन लावल्याचा आवाज ऐकू येऊ दे.

शेवटाबद्दल विचारलंत म्हणून माझं मत सांगते. मैदान रिकामं होतं. सर मुलीला झोपलेलीच खांद्यावर टाकून गाडीवरून निघून जातात, जाताना बाई तिच्या पाठीवरून हात फिरवतात आणि बोटांना गुलाल लागतो. गेटपाशी एक आजी उभी आहे, हातात स्वेटर, लहान मुलाचा, बाह्या आत-बाहेर नीट करून धरलेला. ती मघापासून उभी आहे, गर्दीत पुढं आली नाही. ती काही रागाने विचारत नाही, तिला वाटतंय अजून पोरं यायचीत. "आमचा सोहम्या मागच्या गाडीत हाय व्हय बाई?" मागची गाडी नाहीच, एकच गाडी होती. बाईंनी बोटावरचा गुलाल बघितला आणि त्यांना हिशोब लागला. इथं तुम्ही हिशोब सांगू नका. एक जास्त होती हे त्यांना कळलं हे बोटावरून कळतंच.

मग फोन. सहलीला एसटी घेतली म्हणजे प्रासंगिक करारावर घेतली असणार, त्या कागदामागं बाईंनी ड्रायव्हरचा नंबर सकाळीच लिहून ठेवलाय. दोनदा लागत नाही, गाडी चालवताना काका उचलत नाहीत. तिसऱ्यांदा लागतो. आणि इथून पुढं सगळं नुसतं आवाजात ठेवा, बाई मैदानात उभ्या आणि गाडी दहा-बारा किलोमीटर पुढं रस्त्याच्या कडेला. इंजिन बंद झाल्याचा आवाज, आतला दिवा लावताना बटणाचं खटकन, मग काकांची पावलं, पत्र्यावरची, पुढून मागं. बाई त्या पावलांबरोबर बाकडी मोजतायत, न ठरवता, त्यांना थांबवता येत नाहीये. पावलं थांबतात. "कुठं हाय बाई, हितं नुस्त्या बॅगा..." आणि मग शाल ओढल्याचा आवाज. झोपेतलं एक पोर, आवाज घोगरा, "शाळा आली?"

कथा तिथं सोडा. सोहमला काय झालं का, आई रागावली का, मुख्याध्यापक काय म्हणाले, हे सगळं तुम्हाला लिहावंसं वाटेल कारण आपण शिक्षक आहोत आणि आपल्याला दुसऱ्या दिवसाची धास्ती आधी वाटते. ते तुमच्या त्या वेगळ्या कागदावर लिहून ठेवा.

भूत तसं घालायचंच असतं तर घालता आलं असतं, यादीत नसलेलं पंचेचाळिसावं पोर म्हणून, तुमच्या मैत्रिणीला ते आवडलंही असतं. पण तुम्हाला ते नको आहे आणि मलाही वाटतं की सरांची मुलगी जिवंत, पेढ्याने चिकट आणि पेंगुळलेली असण्यात जास्त जीव आहे.

आणि छोटं एक, परत लिहायला बसाल तेव्हा. तुमच्या पहिल्या पानावर सहलीचं सकाळपासूनचं वर्णन दीड पान आहे, दप्तर, डबे, अंताक्षरी. त्यातलं खोडलेल्या दोन नावांचं, बोनेटवरच्या मुलीचं आणि सोहमच्या उलटीचं एवढं ठेवलंत तरी पुरे, बाकीचं काढा, अंताक्षरी तर काढाच. सोहमचं नाव यादीत शेवटाला ठेवू नका, पहिलं पण नको, मधे कुठंतरी 27 नंबरला असू दे, दुमडलेल्या कागदाच्या घडीवर येईल असं, जिथली शाई जरा पुसट झालेली असते.